धागा: भावाच्या जानेवारीच्या पगारपत्रकात एकदम २२ हजार टॅक्स कापलाय, हे बरोबर आहे का?

ऊनसावली | २ फेब्रुवारी २०२६, रात्री ९:१२

माझ्या धाकट्या भावाने काल घरच्या ग्रुपवर सॅलरी स्लिपचा फोटो टाकला आणि खाली फक्त एवढंच लिहिलं, "बघा, लुटलं." एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत त्याचा एक रुपयाही टॅक्स कापला गेला नव्हता आणि या महिन्यात बावीस हजारांच्या वर गेले. बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही असं आपण सगळ्यांनीच ऐकलंय आणि त्याचा पगार महिना ९६ हजार, म्हणजे वर्षाला साडेअकरा लाख.

फोटो तिरका आहे, वर ट्यूबलाइटची तिरीप पडलीय आणि खालच्या कोपऱ्यावर त्याचा अंगठा. नाव वगैरे आहे म्हणून फोटो इथे टाकत नाही, दिसतंय ते टाइप करते.

जमा बाजू:
बेसिक ४८,०००
एचआरए १९,२००
स्पेशल अलाउन्स २४,८००
एलटीए ४,०००
परफॉर्मन्स इन्सेंटिव्ह ७८,०००
एकूण १,७४,०००

कपात बाजू:
पीएफ ५,७६०
पीटी २००
जीएमसी पेरेंट्स १,४२०
इन्कम टॅक्स २२,८६०
(इथे अंगठा)

नेट पे १,४३,७६०

नवीन रिजीममध्येच आहे. कंपनीतल्या एचआरला विचारलं तर "सिस्टिम काढते" म्हणाले. कुणी ओळीओळीने समजावून सांगाल का? आणि ही कपात पटण्यासारखी आहे का?

---

बिनधास्त_बंडू | रात्री ९:३०

सोपं आहे. बोनसवर सरसकट ३० टक्के कापतात. ७८ हजाराचे ३० टक्के २३,४००, त्यात थोडं इकडेतिकडे. रिटर्न भरला की परत मिळतात, टेन्शन घेऊ नका.

आणि पीएफ चुकीचा कापलाय. पीएफ जास्तीत जास्त १,८०० असतो, १५ हजारांच्या १२ टक्के. महिना चार हजार जादा चाललेत त्याचे, आधी त्यावर भांडा.

---

निवृत्त_नाना | रात्री ९:५१

आमच्या खात्यात वर्षभर काही कापायचे नाहीत आणि फेब्रुवारीचा पगार हातात येईपर्यंत निम्मा झालेला असायचा. त्यामुळे मला यात नवल वाटत नाही. पण भावाने ८०सी मध्ये काय दाखवलं ते लिहिलं नाही. माझा जीपीएफ, पोरांच्या फिया, घराचा हप्ता, सगळं लावून मी कधी दहा हजाराच्या वर टॅक्स भरला नाही. त्याला म्हणावं पीपीएफमध्ये दीड लाख टाक, ३१ मार्चच्या आत.

---

ऊनसावली | रात्री १०:०५

नाना, नवीन रिजीममध्ये ८०सी चालत नाही ना? आणि बंडू, बोनसला वेगळा दर असतो का खरंच? मला तर सगळं एकत्र धरतात असं वाटत होतं.

---

पगारखातं | रात्री ११:४०

मी बरीच वर्षं पेरोलचं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऊनसावली, आधी फोटो नीट वाचून घेऊ, कारण तुम्ही टाइप केलेले आकडे मला खटकतायत. जमा बाजूची बेरीज १,७४,००० बरोबर येते. कपात बाजूला ५,७६०, २००, १,४२० आणि २२,८६० मिळून ३०,२४० होतात. एक लाख चौऱ्याहत्तर हजारांतून ते वजा केले तर बरोबर १,४३,७६० राहतात. म्हणजे हिशेब जुळला. मग अंगठ्याखाली काहीच नाही का? तुम्ही तर तिथे ओळ असल्यासारखं लिहिलंय.

दोन शक्यता आहेत. एक, अंगठ्याखाली रिकामी जागा आहे आणि टॅक्स २२,८६० आहे. दुसरी, टॅक्समधला ८ हा मुळात ३ आहे, म्हणजे २२,३६०, आणि अंगठ्याखाली ५०० ची एक कपात आहे. दोन्हीत नेट तेवढाच येतो. तिरक्या फोटोत ३ आणि ८ ची गल्लत मी शंभरदा पाहिलीय.

स्लिपच्या उजवीकडे वर्षाची बेरीज दाखवणारा रकाना असेल, वायटीडी म्हणून. डिसेंबरपर्यंत टॅक्स शून्य होता म्हणजे या ओळीत महिन्याचा आणि वायटीडीचा आकडा एकच असायला हवा. तिथे काय आहे ते बघा. आणि जमेची वायटीडी किती आहे तेही लिहा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

---

ऊनसावली | ३ फेब्रुवारी, सकाळी ८:०२

अरे बाप रे! वायटीडीच्या रकान्यात स्वच्छ २२,३६० आहे. भावाला फोन केला, अंगठ्याखाली ५०० आहेत, पतसंस्थेची मासिक वर्गणी. त्याच्याही लक्षात नव्हतं.

जमेची वायटीडी ११,१३,०००. पीएफची ५७,६००, पीटीची २,०००.

---

पगारखातं | दुपारी १:१५

छान. आता ओळी घेऊ. जिथे बोलण्यासारखं आहे तिथेच थांबतो.

बेसिक ही सगळ्या स्लिपची खुंटी. पीएफ, ग्रॅच्युइटी, एचआरए तिच्यावर टांगलेले असतात. ४८ हजारांच्या ४० टक्के म्हणजे १९,२००, तो एचआरए. स्पेशल अलाउन्स म्हणजे ठरलेल्या ९६ हजारांपर्यंत पोचायला जे कमी पडतं ते. नावात 'स्पेशल' असलं तरी त्यात विशेष काही नाही, पूर्ण करपात्र. एलटीएचे चार हजार दरमहा मिळतायत. जुन्या रिजीममध्ये प्रवासाची तिकिटं दाखवून त्यावर सूट मिळते, तशी एचआरएवर भाडेपावत्या दाखवून. नवीन रिजीममध्ये दोन्ही सूट नाहीत. त्यामुळे भावासाठी जमेच्या पाचही ओळी टॅक्सच्या दृष्टीने सारख्याच आहेत, वेगवेगळ्या नावांचा त्याला काही उपयोग नाही.

बंडू, पीएफबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. कायद्याने सक्ती १५ हजारांच्या मर्यादेपर्यंतच आहे, म्हणून बऱ्याच ठिकाणी १,८०० दिसतात. पण कंपनी आणि कामगार दोघं मिळून पूर्ण बेसिकवर भरू शकतात, आणि ४८ हजारांचे १२ टक्के नेमके ५,७६० होतात. कंपनीही तेवढेच घालत असणार. दहा महिने गुणिले ५,७६० म्हणजे ५७,६००, वायटीडी जुळली. त्यावर भांडलात तर उलट कंपनीचा वाटा कमी करून घ्याल.

पीटी म्हणजे प्रोफेशन टॅक्स, हा राज्याचा, इन्कम टॅक्सपेक्षा वेगळा. महाराष्ट्रात या पगाराला महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. पुढच्या महिन्यात शंभर जास्त गेले म्हणून पुन्हा 'लुटलं' लिहू नका म्हणावं. जीएमसी पेरेंट्स म्हणजे आईवडिलांना कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये घेतल्याचा हप्ता. त्याची वजावट नवीन रिजीममध्ये मिळत नाही.

आता टॅक्स. बोनसला वेगळा दर नाही, तुम्हाला वाटत होतं तेच बरोबर. पेरोल दर महिन्याला एकच प्रश्न विचारतं: आजपर्यंत किती दिले आणि मार्चपर्यंत अजून किती देणार? त्या वर्षभराच्या अंदाजावर टॅक्स काढायचा, आधी कापलेला वजा करायचा, उरलेला राहिलेल्या महिन्यांत वाटायचा. म्हणून एका महिन्याची स्लिप बघून कपात योग्य की अयोग्य हे कुणालाच सांगता येत नाही, वायटीडी लागतेच.

भावाचा अंदाज असा. जानेवारीपर्यंत ११,१३,०००. फेब्रुवारी आणि मार्चचे ९६-९६ हजार. एकूण १३,०५,०००. दहा महिन्यांचे ठरलेले पैसे ९,६०,००० होतात आणि वायटीडी त्यापेक्षा १,५३,००० ने जास्त आहे. जानेवारीचे ७८ हजार सोडले तर ७५ हजार आधी कधीतरी आलेत. जुलैत इन्सेंटिव्ह मिळाला होता का?

---

ऊनसावली | दुपारी १:४८

हो! जुलैत ७५ हजार मिळाले होते. त्यातून त्याने गाडी घेतली, म्हणून आठवतंय. पण तेव्हा टॅक्स कापला नव्हता, मग आताच का?

---

पगारखातं | दुपारी २:२०

कारण जुलैत अंदाज ११,५२,००० अधिक ७५,००० म्हणजे १२,२७,००० होता. पगारदाराला नवीन रिजीममध्ये ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, ती काढली की ११,५२,०००. बारा लाखांच्या आत, म्हणून कलम ८७ए ची सूट मिळून टॅक्स शून्य. तोपर्यंत पेरोलचं अगदी बरोबर होतं.

जानेवारीच्या इन्सेंटिव्हने अंदाज १३,०५,००० वर नेला. ७५ हजार वजा जाता १२,३०,०००. बारा लाखांची रेघ तीस हजारांनी ओलांडली, म्हणून टॅक्स सुरू झाला. म्हणजे टॅक्स कापला हे बरोबरच आहे. प्रश्न फक्त *किती* कापला हा आहे, आणि इथे मला घोळ दिसतोय. संध्याकाळी लिहितो, आता कामावर आहे.

---

बिनधास्त_बंडू | दुपारी २:५५

यात घोळ कसला? बारा लाखांवर एक रुपया गेला की सूट गेली, पूर्ण स्लॅबने टॅक्स. ४ लाखांपर्यंत शून्य, ४ ते ८ ला ५ टक्के म्हणजे २०,०००, ८ ते १२ ला १० टक्के म्हणजे ४०,०००, वरच्या तीस हजारांना १५ टक्के म्हणजे ४,५००. झाले ६४,५००. त्यावर ४ टक्के सेस २,५८०. एकूण ६७,०८०. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असे तीन महिने राहिले, तिसरा हिस्सा २२,३६०. पैशापर्यंत जुळतंय! ३० टक्क्यांचं माझं चुकलं, मान्य. पण कपात बरोबर आहे.

---

काजवा | दुपारी ३:३०

जरा विषय सोडून विचारते. माझ्या स्लिपवर पीटीच नाही आणि ईएसआय म्हणून काहीतरी कापतात. पगार १९ हजार. मला टॅक्स लागेल का?

---

पगारखातं | संध्याकाळी ७:४५

काजवाताई, १९ हजारांवर टॅक्सचा प्रश्नच येत नाही. महाराष्ट्रात स्त्रियांना २५ हजारांपर्यंत पीटी नाही. ईएसआय २१ हजारांपर्यंतच्या पगाराला असते, तुमच्याकडून पाऊण टक्का जातो, त्यात दवाखाना मिळतो. कार्ड काढून घेतलं नसेल तर काढा.

बंडू, तुम्ही आकडेमोड सुरेख केलीत आणि माझं काम सोपं केलंत. पेरोलनेही हेच केलंय आणि चुकलंय तेही इथेच.

'एक रुपया वर गेला की पूर्ण टॅक्स' असं असतं तर १२ लाखांवाल्याला शून्य आणि १२ लाख १ रुपयावाल्याला साठ हजार टॅक्स लागला असता. एका रुपयापायी साठ हजार. हे होऊ नये म्हणून कायद्यातच तरतूद आहे, तिला मार्जिनल रिलीफ म्हणतात. नियम साधा आहे: सेस धरण्याआधीचा टॅक्स हा बारा लाखांवरच्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही. भाऊ बारा लाखांच्या वर ३०,००० आहे, तर टॅक्सही जास्तीत जास्त ३०,०००. त्यावर सेस १,२००. वर्षाचा एकूण टॅक्स ३१,२००. तिसरा हिस्सा १०,४००.

म्हणजे जानेवारीत १०,४०० कापायला हवे होते, कापले २२,३६०. जवळजवळ बारा हजार जास्त.

२२,३६० हा आकडा ६७,०८० चा नेमका तिसरा हिस्सा आहे, म्हणून मी इतक्या खात्रीने बोलतोय. मागच्या नोकरीचं उत्पन्न, आणखी एखादा इन्सेंटिव्ह किंवा दुसरं काही धरलं असतं तर आकडा असा बेतून आला नसता. चुकलेल्या हिशेबाला आपला ठसा असतो, तो उलटा भागून सापडतो. तरी एक खात्री करा. स्लिपच्या मागच्या पानावर किंवा पोर्टलवर टॅक्स कम्प्युटेशन शीट असते. त्यात '८७ए' किंवा 'रिबेट' आणि 'मार्जिनल रिलीफ' अशा ओळी शोधा. दुसरी रिकामी किंवा शून्य असेल तर संशय संपला.

ही सवलत फार दूरपर्यंत जात नाही. करपात्र रक्कम साधारण १२ लाख ७० हजार ५०० च्या वर गेली की स्लॅबचा टॅक्सच वरच्या रकमेपेक्षा कमी भरतो आणि रिलीफ आपोआप शून्य होतो. हा सत्तर हजारांचा पट्टा विचित्र आहे. या पट्ट्यात कमावलेला प्रत्येक रुपया टॅक्समध्ये जातो आणि वर चार पैसे सेस. भावाच्या ७८ हजारांपैकी शेवटचे तीस हजार त्याला मिळालेच नाहीत असं समजा, उलट बाराशे खिशातून गेले. 'लुटलं' म्हणाला त्यात थोडं तथ्य आहे, पण दोष कंपनीचा नाही.

---

निवृत्त_नाना | रात्री ८:३०

म्हणूनच सांगतोय, जुन्या रिजीममध्ये जा. आमच्या पिढीने टॅक्स वाचवला तो त्यातच.

---

पगारखातं | रात्री ९:१०

नाना, तुमचा मान राखून सांगतो, याच्या बाबतीत नाही. ऊनसावली, भाऊ भाड्याने राहतो का? गृहकर्ज?

---

ऊनसावली | रात्री ९:१४

घरीच राहतो, आईबाबांबरोबर. कर्ज नाही. गाडीही रोख.

---

पगारखातं | रात्री ९:४०

मग करून दाखवतो. जुन्या रिजीममध्ये १३,०५,००० मधून ५०,००० प्रमाणित वजावट, पीटीचे २,५००, आणि ८०सी पूर्ण दीड लाख भरले असं उदारपणे धरू. राहिले ११,०२,५००. जुन्या स्लॅबने टॅक्स १,४३,२५०, सेस धरून १,४८,९८०. कुठे ३१ हजार आणि कुठे दीड लाख. जुनी पद्धत ३१,२०० ला टेकवायची तर एकूण सव्वासात लाखांच्या आसपास वजावटी लागतील. नानांकडे घराचा हप्ता होता, फिया होत्या, आणि नवीन स्लॅब नव्हते. या मुलाकडे यातलं काही नाही.

खरा उपाय एकच दिसतो आणि तो कंपनीच्या हातात आहे. कंपनी जर पगारातला काही भाग स्वतःचा वाटा म्हणून एनपीएसमध्ये घालत असेल तर बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत तो नवीन रिजीममध्येही वजा होतो. वर्षाच्या बेसिकवर ही मर्यादा ८०,६४० येते. फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून ३०,००० तसे वळवले तर करपात्र रक्कम बरोबर बारा लाखांवर येते आणि ३१,२०० चा टॅक्स शून्य. तीस हजार स्वतःच्या निवृत्तीखात्यात घालून एकतीस हजार वाचवणं, असा सौदा रोज मिळत नाही. पण त्याने स्वतः एनपीएसमध्ये भरले तर नवीन रिजीममध्ये उपयोग नाही, कंपनीकडूनच जायला हवेत आणि पगार देण्याआधी ठरायला हवं. पैसे बरीच वर्षं अडकतात हेही त्याला सांगा.

---

ऊनसावली | ५ फेब्रुवारी, रात्री ९:५५

अपडेट. कम्प्युटेशन शीट मिळाली. 'रिबेट ८७ए' शून्य, आणि मार्जिनल रिलीफची ओळच नाही! भावाने पेरोलला मेल लिहिली, तुमचं गणित जसंच्या तसं टाकलं. एनपीएसबद्दल उत्तर आलं की रचनेत बदल फक्त एप्रिलमध्ये. रिलीफबद्दल "तपासतो" म्हणाले.

---

बिनधास्त_बंडू | रात्री १०:२०

शीटमध्ये ओळच नाही म्हणजे त्या कंपनीत पावणेतेरा-तेरा लाखांवाले सगळेच जास्त भरतायत! भावाला म्हणा ऑफिसच्या ग्रुपवर टाक.

---

पगारखातं | ६ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

आधी स्वतःचं दुरुस्त होऊ द्या, मग ग्रुप. पेरोलवाल्याला चारचौघांत चूक दाखवली की तो आधी बचाव करतो आणि मग दुरुस्ती, हे स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

दुरुस्त केलं तर आकडे असे येतील: वर्षाचे ३१,२०० वजा कापलेले २२,३६० म्हणजे ८,८४० राहिले, फेब्रुवारी आणि मार्चला ४,४२० प्रत्येकी. पुढच्या स्लिपवर हाच आकडा शोधा.

---

ऊनसावली | २ मार्च, रात्री ८:४०

फेब्रुवारीची स्लिप आली. पीटी ३००, त्यावर भाऊ काही बोलला नाही :) पण टॅक्स पुन्हा २२,३६०. पेरोलचं म्हणणं, मेल आली तोवर फेब्रुवारीचं रन लॉक झालं होतं, मार्चमध्ये जुळवून घेऊ.

---

पगारखातं | रात्री ९:३०

मेल ५ तारखेला गेली आणि रन लॉक होतं? असो. आता कापलेले झाले ४४,७२०. लागणार ३१,२००. मार्चमध्ये ते शून्य कापू शकतात आणि कापायला हवेत. पण जादा गेलेले १३,५२० बहुतेक कंपनीकडून परत येणार नाहीत, रिटर्न भरल्यावर रिफंड म्हणून येतील. रिटर्नमध्ये रिलीफ आपोआप लागतो. त्याआधी जूनमध्ये फॉर्म १६ हातात आला की २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या टॅक्स जमेच्या नोंदीत, ४४,७२० च जमा दिसतायत ना, ते पडताळा. शेवटच्या तिमाहीचं विवरण कंपनी मे अखेरपर्यंत भरते, तोवर तिथे दिसलं नाही म्हणून घाबरू नका.

आणि हो, हे मी आधीच विचारायला हवं होतं. भावाचं पगाराव्यतिरिक्त काही उत्पन्न आहे का? बँकेचं व्याज वगैरे? या पट्ट्यात तेही रुपयाला रुपया जातं.

---

ऊनसावली | रात्री ९:५८

बचत खात्यात व्याज नगण्य. पण बाबांनी निवृत्तीच्या पैशातून एक एफडी भावाच्या नावावर केलीय. पहिलं नाव त्याचं, दुसरं बाबांचं. वर्षाला १८ हजारांच्या आसपास व्याज येतं, ते बाबांच्याच खात्यात जमा होतं. त्यावर बँकेने टीडीएस कापलेला नाही. ते धरायचं का?

---

पगारखातं | रात्री १०:३५

हे महागात जाणारं प्रकरण आहे. ५० हजारांच्या आत व्याज असलं की बँक टीडीएस कापत नाही, पण माहिती पहिल्या नावाच्या पॅनवर पाठवते. भावाच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या वार्षिक माहितीपत्रकात, १८ हजार दिसणारच.

ते त्याचं उत्पन्न धरलं तर करपात्र १२,४८,०००, टॅक्स ४८,०००, सेससह ४९,९२०. मग ४४,७२० कापूनही ५,२०० भरायचे निघतात आणि १३,५२० चा रिफंड विसरायचा. म्हणजे १८ हजारांच्या व्याजाने १८,७२० खाल्ले.

---

निवृत्त_नाना | रात्री १०:५०

पैसा बापाचा, व्याज बापाच्या खात्यात. मग ते मुलाचं उत्पन्न कसं? माझ्याही दोन एफडी मुलीच्या नावावर आहेत, व्याज मीच दाखवतो माझ्या रिटर्नमध्ये. कुणी हरकत घेतली नाही.

---

बिनधास्त_बंडू | रात्री ११:०५

नाना, बाबांनी पैसे मुलाला देऊनच टाकले असं कुणी म्हटलं तर? नाव तर पहिलं मुलाचंच आहे.

---

पगारखातं | रात्री ११:२०

दोघांच्याही बोलण्यात दम आहे. पैसे खरंच बाबांचे राहिले असतील, व्याज त्यांच्याकडे जातंय आणि ते त्यांच्या रिटर्नमध्ये दाखवतायत, तर नानांची बाजू मजबूत. एआयएसमध्ये 'ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे' असा अभिप्रायही देता येतो. पण मुलाला भेट म्हणून दिलेत असं कुठे लिहून ठेवलं असेल तर बंडूचं खरं. पगारपत्रकापुरतं मी बोलू शकतो, हा निर्णय कागद बघून सीएनेच द्यावा. बाबांनी हे व्याज मागच्या वर्षी त्यांच्या रिटर्नमध्ये दाखवलं होतं का, ते आधी विचारा.

---

ऊनसावली | ३ मार्च, सकाळी ८:२५

विचारलं. बाबा म्हणतात, "रिटर्न? मी पेन्शनवाला, मला कशाला लागतो रिटर्न?"

सीएची वेळ घेतलीय शनिवारची.